बिल्डरसाहेबांस ओलं पत्र

श्री. बिल्डरसाहेब यांसी,
सा. न. वि. वि.

भाईंदर पूर्वेच्या आपल्या इमारतीतला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट ताबा घेण्यापूर्वी पाहून जावा, असा निरोप आला, त्याप्रमाणे आम्ही उभयता रविवारी पाहून आलो. सोबत एक बादली, एक पाणसळ आणि एक रुपयाचं नाणं एवढंच सामान होतं. ते पाहून आपल्या सुपरवायझरांचा चेहरा पडला. पेढे आणले असतील अशी त्यांची समजूत असावी.

न्हाणीघरात, दाराजवळ, बादली ओतली. पाणी क्षणभर थांबलं, त्यानं विचार केला आणि जाळीकडे पाठ फिरवून ते सरळ हॉलमध्ये आलं. सौ. म्हणाली, "अगंबाई, पाणी पाहुण्यांसारखं वागतंय!" आपले सुपरवायझर म्हणाले, "वायपर मारायचा. वापरात आलं की सेट होतं."

साहेब, लोणचं मुरतं, जावई रुळतो, पण फरशीचा उतार वापरून सेट होत नाही. ऐंशी इंचांत एक इंच, हा साधारण हिशोब. म्हणजे आपल्या सहा फुटी न्हाणीघरात दाराकडची फरशी जाळीपेक्षा जवळजवळ इंचभर उंच हवी. पाणसळ लावून मोजलं, तर आपली जाळीच दारापेक्षा पाव इंच उंच! गंगेला उलटी वाहवण्याचं हे काम आपल्या गवंड्यानं कुठलीही तपश्चर्या न करता केलं आहे.

यावर सुपरवायझरांचा तोडगा असा, की दारात संगमरवरी उंबरा बसवून देऊ आणि सांध्यांत पांढरा सिमेंट भरू. उंबऱ्यानं पाणी हॉलमध्ये येणार नाही, कबूल. पण मग ते कुठेच जाणार नाही. तिथंच साचेल, सांध्यांतून खाली उतरेल, विटांच्या कोब्यात मुरेल आणि दोन पावसाळ्यांनी सहाव्या मजल्यावर छताला पिवळा नकाशा उमटेल. खालचे गृहस्थ तावातावानं माझ्या दाराची बेल वाजवतील. आपल्या नाही! आपण तेव्हा दुसरीकडे कुठल्या तरी भूमिपूजनाला नारळ फोडत असाल.

म्हणून मला उंबरा नको. फरशी उखडा आणि उतार नव्यानं करा. मात्र उखडताना छिन्नी खालच्या वॉटरप्रूफिंगला लागतेच, तेव्हा तेही दुरुस्त करा. आणि नवी फरशी बसवण्याआधी जाळीचं तोंड बोळ्यानं बंद करून दोन इंच पाणी तुंबवा. भिंतीवर पेन्सिलनं रेघ मारा. निदान चोवीस तास थांबा, आणि मग आपण दोघं मिळून सहाव्या मजल्यावर जाऊन छताला हात लावू. कोरडा लागला, तर चहा माझ्याकडून.

नाण्याचं थोडक्यात सांगतो. फरशीवर नाणं आपटलं की भरीव जागी 'ठण्' वाजतं. खाली माल नीट पसरला नसेल तर मडक्यासारखं 'ढब' वाजतं. बेडरूममध्ये अकरा फरश्या 'ढब' आहेत. त्यांवर खडूनं फुल्या मारल्या आहेत, पुसू नयेत. कपाटाचा पाय पडला की त्याच आधी तडकतील. खिडकीचा कट्टाही आतल्या बाजूला कलता आहे. आमच्याकडे पाऊस आडवा येतो. त्याला आत येण्याचं वेगळं निमंत्रण नको.

आता मूळ भांडण. किल्ली देताना आपल्या ऑफिसनं छापील पावती पुढे केली: 'फ्लॅट तपासला, पूर्ण समाधान झाले, कोणतीही तक्रार नाही.' मी म्हटलं, तक्रारी आहेत. तर उत्तर मिळालं, "सही करा हो, पाच वर्षं आहेतच की!" आहेत. 2016च्या रेरा कायद्याचं कलम 14(3) मीही वाचलं आहे: ताब्यापासून पाच वर्षांत दोष कळवला, तर तीस दिवसांत, एक पैसा न घेता, दुरुस्त करणं आपलं कर्तव्य. माझ्या सहीनं तो कायदा पुसला जात नाही. पण उद्या महारेरापुढे तोच कागद फडकवून आपणच म्हणाल, की ताब्याच्या दिवशी सगळं ठीक होतं, यांनीच आदळआपट करून उतार बिघडवला! मग उताराऐवजी माझ्या सहीचीच चर्चा चालेल.

भोगवटा प्रमाणपत्र दाखवलंत, आनंद झाला. पण मंजूर नकाशा आणि नियम यांच्याशी त्याचा संबंध. माझ्या न्हाणीघरात त्यानं बादली ओतलेली नाही.

तेव्हा पावतीवरचं 'पूर्ण समाधान' मी खोडून 'सोबतच्या यादीतील दोष वगळून' असं लिहिलं आहे. यादी, मापं आणि फोटो जोडले आहेत. दुसऱ्या प्रतीवर पोच म्हणून शिक्का, सही आणि तारीख घालून ती परत द्यावी. तारीख वाचता येईल अशी असावी, तीस दिवस मोजायचे आहेत.

एक प्रत सहाव्या मजल्यावरच्या गृहस्थांनाही दिली आहे.

कळावे,
आपला,
सातवा मजला