जुन्या गाडीचा कर नफ्यावर, पण कोणत्या?

डिसेंबर २०२४ मध्ये जैसलमेरच्या बैठकीत जीएसटी परिषदेने सर्व जुन्या गाड्यांवर १८ टक्के दर ठरवला, तेव्हा घरची गाडी विकणाऱ्यांच्याही पोटात गोळा आला. तो अनाठायी होता. नोंदणी नसलेल्या व्यक्तीने स्वतःची गाडी विकली तर कर नाही. कर आहे तो व्यापाऱ्याला, आणि तोही फक्त खरेदी-विक्रीतल्या फरकावर. नवी गाडी घेताना पूर्ण किमतीवर कर भरून झालेलाच असतो. तो पुन्हा लावला तर एकाच पत्र्यावर दोनदा वसुली होईल.

समजा, व्यापाऱ्याने ३ लाखांना गाडी घेतली आणि साडेतीन लाखांना विकली. फरक ५० हजार, कर ९ हजार. पूर्ण किमतीवर तोच ६३ हजार झाला असता आणि सौदे बिनपावतीचे झाले असते. मात्र खरेदीवर इनपुट क्रेडिट घेतले असेल, तर ही सवलत नाही.

खटकते ते पुढे. डेंटिंग-पेंटिंग, टायर यांवर २० हजार घातले, तरी हा खर्च फरकातून वजा होत नाही. हातात ३० हजार, कर मात्र ५० हजारांवर. दुसरी गाडी तोट्यात गेली, तर तो तोटा सरळ दुर्लक्षिला जातो. पहिलीच्या नफ्यातून वळता होत नाही. निदान एका महिन्यातले नफे-तोटे एकत्र धरायला परिषदेने मुभा द्यावी.