स्वतःचे वजन

दिवाळीच्या सुट्टीत लोक घरातले माळे आवरतात. आम्ही प्राध्यापक मंडळी फायली आवरतो. पहिले सत्र संपलेले असते, हजेरीपट अजून हाताशी असतात, आणि वर्षअखेरीस जो एक फॉर्म भरावयाचा असतो त्याची भीती अद्याप दूर असते. त्या फॉर्मचे नाव वार्षिक स्वयंमूल्यमापन अहवाल. आपण वर्षभर काय केले ते आपणच लिहावयाचे, आपणच स्वतःला श्रेणी सुचवावयाची, आणि मग वरिष्ठांनी ती तपासावयाची. स्वतःविषयी लिहिण्याचा प्रसंग आला की आमच्यातल्या निम्म्यांच्या अंगात पोवाडेकार संचारतो आणि उरलेल्या निम्म्यांच्या अंगात संत.

आमच्या कळंबोलीत लोखंडाचा बाजार आहे. रस्त्याने जाताना वजनकाट्यावर उभे असलेले ट्रक नेहमी दिसतात. काट्यावरचा माणूस ड्रायव्हरला ‘माल भरपूर आहे काय?’ असे कधी विचारीत नाही. रिकाम्या गाडीचे वजन, भरलेल्या गाडीचे वजन, वजाबाकी, पावती, संपला कारभार. हा काटा मला आठवला तो आमच्या विभागातल्या एका तरुण सहकारी बाईंमुळे. गेल्या जूनमध्ये त्या आपला भरलेला फॉर्म घेऊन माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, “सर, एकदा नजर घालता का? माझे या वर्षीचे काही खरे नाही.”

फॉर्म पाहिला. अध्यापनाच्या रकान्यात त्यांनी लिहिले होते: नेमून दिलेले तास ४८०, घेतलेले तास ३३०, म्हणजे ६८.७५ टक्के. पुढे स्वतःच्या हाताने श्रेणी लिहिली होती, ‘असमाधानकारक’. आणि खाली एक वाक्य: ‘प्रकृतीच्या कारणास्तव अपेक्षित काम होऊ शकले नाही, याबद्दल दिलगीर आहे.’

हिशेब चुकलेला नव्हता. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास आणि वर्षाला अध्यापनाचे ३० आठवडे, म्हणजे ४८०. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे, जे महाराष्ट्र शासनाने २०१९ साली लागू केले, नेमलेल्या तासांपैकी ८० टक्के किंवा अधिक तास घेतले तर श्रेणी ‘चांगली’. ७० ते ८० च्या दरम्यान ‘समाधानकारक’. ७० च्या खाली गेलात की संपले. अध्यापनात संपले म्हणजे सगळ्यातच संपले, कारण बाकीच्या कामात डोंगर उचलला असला तरी एकूण श्रेणी त्याने वर येत नाही. बाईंची पात्रता माझ्यासारखीच, एम.ए. आणि सेट. पीएच.डी. वा एम.फिल. नसलेल्याला पहिल्या पदोन्नतीसाठी सहा वर्षे थांबावे लागते आणि त्या सहांपैकी निदान पाच वर्षे श्रेणी समाधानकारक तरी लागते. म्हणजे सहा वर्षांत एकच चूक माफ. ती माफी बाई आपल्या हाताने खर्च करीत होत्या.

मी विचारले, “मॅडम, तुमची रजा किती दिवस होती?”

“सहा आठवडे. शस्त्रक्रियेची तारीख आधी ठरली होती, म्हणून अर्ज आधीच दिला होता. मंजुरीचे पत्रही आहे. पण सर, दीड महिना मी नव्हतेच ना! नसताना असल्यासारखे कसे लिहू?”

हा प्रश्न प्रामाणिक माणसाचा होता, आणि नेमका येथेच प्रामाणिक माणूस स्वतःवर अन्याय करतो. त्याच नियमांत, श्रेणींच्या तक्त्याखाली, बारीक अक्षरांत एक टीप आहे. प्रसूती रजा, बालसंगोपन रजा, अभ्यास रजा, वैद्यकीय रजा अशा रजांचा काळ मूल्यमापनातून वगळावयाचा, आणि उरलेल्या काळातल्या कामावरून सबंध वर्षाची श्रेणी काढावयाची. अट एवढीच की रजा सक्षम अधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीने, रीतसर घेतलेली असावी. सहा आठवडे म्हणजे ९६ तास. ४८० मधून ते वजा केले की राहतात ३८४. घेतलेले ३३०. टक्केवारी झाली ८५.९. श्रेणी ‘चांगली’.

म्हणजे बाईंनी भरलेली गाडी काट्यावर घातली होती, पण रिकाम्या गाडीचे वजन घ्यावयाचे विसरल्या होत्या. नसताना असल्यासारखे लिहावयाचे नव्हतेच; नव्हतो तेवढा काळ छेदातून काढावयाचा होता. आता त्या रकान्यात दिलगिरीचे वाक्य नाही. तेथे आहे: ‘नेमलेले तास ४८०, मंजूर वैद्यकीय रजा सहा आठवडे, ९६ तास वगळून ३८४, प्रत्यक्ष घेतलेले ३३०, म्हणजे ८५.९ टक्के. सोबत वेळापत्रक, हजेरीपट आणि रजामंजुरीचे पत्र.’ न घेतलेले ५४ तास परीक्षेच्या कामात आणि महाविद्यालयाच्या कार्यक्रमांत गेले होते. तेही लपविले नाहीत. लपवावयाचे कारणच नव्हते.

आकड्यांचे काम तसे सोपे. खरी पंचाईत पुढच्या रकान्यात, जेथे वाक्ये लिहावी लागतात. अध्यापनाखेरीज प्रशासन, परीक्षा, विद्यार्थ्यांचे उपक्रम, चर्चासत्रांचे आयोजन, संशोधन अशा सात प्रकारांपैकी निदान तीनांत भाग घेतला असेल तर श्रेणी ‘चांगली’, एक-दोनांत असेल तर ‘समाधानकारक’. बाईंनी सबंध रकान्यात एकच ओळ लिहिली होती: ‘विभागातर्फे मराठी भाषा गौरव दिन साजरा करण्यात आला, त्यास सहकार्य केले.’

मराठीचा मास्तर म्हणून सांगतो, या ‘करण्यात आला’ने आपल्या लोकांचे फार नुकसान केले आहे. या प्रयोगात काम होते, पण करणारा पडद्याआड जातो. सरकारी पत्रात ते शोभते, कारण तेथे करणाऱ्याला बहुधा पडद्याआडच राहावयाचे असते. स्वतःच्या अहवालात मात्र ते लिहिणे म्हणजे पावतीवर ट्रकचा नंबरच न घालणे. मी बाईंना विचारीत गेलो तेव्हा कळले की २७ फेब्रुवारीच्या त्या कार्यक्रमासाठी कविता त्यांनी निवडल्या, ११ विद्यार्थ्यांची आठवडाभर तालीम त्यांनी घेतली, आणि निवेदनही त्यांनीच लिहून दिले. सभागृहाची व्यवस्था आणि पाहुण्यांचा पत्रव्यवहार दुसऱ्या दोघा सहकाऱ्यांनी केला. मग वाक्य झाले: ‘२७ फेब्रुवारीच्या काव्यवाचनासाठी ११ विद्यार्थ्यांची निवड व तालीम मी केली, व्यवस्था दोन सहकाऱ्यांकडे होती, उपस्थिती ६४. सोबत परिपत्रक व हजेरीची यादी.’ सहकाऱ्यांचे काम नोंदविल्याने बाईंचे काम कमी झाले नाही; उलट ते किती आणि कोणते, हे प्रथमच दिसले.

पुढे विचारता विचारता आणखी दोन गोष्टी निघाल्या. विद्यापीठाच्या २१४ उत्तरपत्रिका त्यांनी तपासल्या होत्या. नेमणुकीचे पत्र पिशवीतच होते. शिवाय एका मैत्रिणीबरोबर लिहिलेला लेख तज्ज्ञांकडून तपासून घेणाऱ्या नियतकालिकात छापून आला होता. तो त्यांनी लिहिलाच नव्हता, कारण ‘अर्धा तर तिचा आहे’. भाषा विषयांत अशा लेखाला १० गुण असतात, आणि दोघांनी मिळून लिहिला असेल तर प्रत्येकाला त्याचे ७० टक्के, म्हणजे ७ मिळतात. शून्य लिहिणे ही जशी चूक तशीच १० लिहिणे हीही चूक. उपक्रम, परीक्षा, लेख: तीन झाले. श्रेणी ‘चांगली’.

आता दुसऱ्या पंथाविषयी, म्हणजे पोवाडेकारांविषयी. त्याची उदाहरणे शोधावयास मला लांब जावे लागत नाही. २०१० च्या नियमांत प्रत्येक कामाला गुण होते, आणि तेव्हा नव्यानेच फॉर्म भरणाऱ्या मी एकच चर्चासत्र आयोजनाच्या रकान्यातही घातले आणि व्यावसायिक विकासाच्या रकान्यातही. ‘यशस्वीरीत्या’, ‘मोलाचे योगदान’, ‘सिंहाचा वाटा’ असे शब्द तर पानोपानी. तेव्हाचे आमचे प्राचार्य मितभाषी गृहस्थ होते. त्यांनी फॉर्म परत पाठविला तो प्रत्येक विशेषणाखाली पेन्सिलने रेघ मारून, आणि समासात तीनच शब्द लिहून: ‘किती? केव्हा? कागद?’ ‘मोलाचे योगदान’ खोडून त्या जागी काय लिहावे याचा मी सबंध संध्याकाळ विचार केला, आणि शेवटी लिहिले, ‘नोंदणीच्या टेबलावर दोन दिवस बसलो.’ तेवढेच केले होते.

त्याच फॉर्ममध्ये मी मोठ्या दिमाखाने लिहिले होते, ‘माझ्या विषयाचा निकाल ९२ टक्के.’ वर्गात विद्यार्थी होते २५. म्हणजे २३ पास, दोन नापास. आणखी एक नापास झाला असता तर ८८ झाले असते, आणि माझे शिकविणे तेच राहिले असते. लहान वर्गाची टक्केवारी ही अशी उडी मारणारी वस्तू आहे. तेव्हापासून मी ‘२५ पैकी २३’ असे लिहितो आणि शेजारी मागच्या वर्षीचा आकडाही देतो, मग तो चांगला असो वा वाईट. निकालात विद्यार्थ्यांचा अभ्यास किती, प्रश्नपत्रिकेची दया किती आणि माझा भाग किती, याचा कागद कोणाच्याच फायलीत नसतो. म्हणून तो आकडा माहिती म्हणून लिहावा, आपला पराक्रम म्हणून नव्हे.

छायाचित्रांविषयीही एक सांगून टाकतो. अलीकडे पुरावा म्हणून फोटोंचे गठ्ठे जोडतात. फोटोत मी सरस्वतीपूजन करताना दिसतो. त्यावरून सरस्वतीपूजन झाले एवढे सिद्ध होते. परिपत्रकावर नाव असावे, नेमणुकीच्या आदेशावर तारीख असावी, यादीवर सह्या असाव्यात, फोटो त्यानंतर. आणि हे कागद जूनमध्ये शोधू लागलात तर सापडत नाहीत. सही करणारा बदलून गेलेला असतो, यादी कोणीतरी चहाच्या कपाखाली ठेवलेली असते. सुट्टीत फायली आवरावयाच्या त्या यासाठीच.

बाईंनी फॉर्म पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिला. जाताना म्हणाल्या, “सर, तुमचा झाला का? बघू?” मी उदारपणे पुढे केला. त्यांनी शांतपणे वाचला. एका ओळीवर थांबल्या. ओळ होती: ‘आंतरमहाविद्यालयीन कार्यशाळेत मार्गदर्शन केले.’

“सर,” त्या जरा संकोचाने म्हणाल्या, “त्या कार्यशाळेला मी आले होते. तुम्ही आभार मानले होते.”

मी टेबलावरची पेन्सिल त्यांच्याकडे सरकविली.