निकालावरील टीका आणि न्यायालयाचा अवमान

जुलै 2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने खैरलांजी हत्याकांडाच्या खटल्यात निकाल दिला. सहा आरोपींची फाशी रद्द होऊन तिच्या जागी पंचवीस वर्षांची शिक्षा आली. हे कृत्य जातीच्या द्वेषातून घडले, ही आपल्या समाजाच्या दृष्टीने स्वयंसिद्ध असलेली गोष्ट भंडाऱ्याच्या सत्र न्यायालयाप्रमाणे येथेही मान्य झाली नाही; अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू झाला नाही. त्या दिवसांत वस्त्यावस्त्यांतून जो संताप व्यक्त झाला, त्याच्या पाठोपाठ एक दबका प्रश्नही ऐकू येत असे : “निकाल चुकला, असे उघडपणे म्हणता येते का? तो न्यायालयाचा अवमान तर होणार नाही?”

हा प्रश्न भीतीतून येतो, आणि ती भीती पुष्कळशी अज्ञानातून येते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने त्याचे उत्तर थोडे विस्ताराने देण्याचा आमचा विचार आहे.

न्यायालयांना हा अधिकार कोठून मिळाला, हे आधी पाहू. मे 1949 मध्ये संविधान सभेत सर्वोच्च न्यायालय हे ‘अभिलेख न्यायालय’ असेल, अशी तरतूद डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. एखादे न्यायालय अभिलेख न्यायालय ठरले की अवमानाबद्दल शिक्षा करण्याचा अधिकार त्याला ओघानेच मिळतो. परंतु इंग्लंडमध्ये हा अधिकार तेथील रूढ कायद्यातून आला आहे, आपल्याकडे तशी परंपरा नसल्यामुळे तो स्पष्ट शब्दांत लिहिलेला बरा, असा त्यांच्या विवेचनाचा आशय होता. आज संविधानाच्या अनुच्छेद 129 मध्ये सर्वोच्च न्यायालयाचा आणि अनुच्छेद 215 मध्ये उच्च न्यायालयांचा हा अधिकार आहे. त्याच संविधानाने अनुच्छेद 19 मध्ये भाषणस्वातंत्र्य दिले आणि त्यावरील वाजवी निर्बंधांच्या यादीत न्यायालयाच्या अवमानाचाही समावेश केला. हक्क आणि त्याची मर्यादा अशा रीतीने शेजारीशेजारी बसविलेली आहेत. वाद आहे तो ही मर्यादा नेमकी कोठे आखायची, याचा.

न्यायालय अवमान अधिनियम, 1971 याने अवमानाचे दोन प्रकार केले आहेत. पहिला दिवाणी अवमान. न्यायालयाचा आदेश जाणूनबुजून न पाळणे किंवा न्यायालयाला दिलेली हमी मोडणे, म्हणजे दिवाणी अवमान. ‘अवमान’ म्हटले की लोकांच्या डोळ्यांसमोर भाषण किंवा लेख येतो. परंतु सामान्य माणसाच्या उपयोगाचा आहे तो हाच प्रकार. न्यायालयाने नोकरीवर परत घ्या म्हटले आणि अधिकारी फाईल दाबून बसला, तर आदेशाच्या कागदाला दात असतात ते या तरतुदीमुळे. महाराष्ट्रातील मे 2006 चे उदाहरण या दृष्टीने लक्षात ठेवण्यासारखे आहे. वनरक्षणासंबंधीच्या आदेशांना डावलून लाकूड-कारखाने चालू देण्यात आले, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने राज्याचे तत्कालीन मंत्री स्वरूपसिंह नाईक आणि प्रधान सचिव अशोक खोत यांना प्रत्येकी एक महिन्याची कैद सुनावली. त्यांनी मागितलेली माफी न्यायालयाने स्वीकारली नाही. मंत्र्यालाही तुरुंगात पाठवू शकणारा हा अधिकार नसता, तर दुर्बळांच्या बाजूने लागलेले निकाल भिंतीवर टांगण्यापुरतेच उरले असते. या प्रकाराविषयी आमची तक्रार असेल तर एवढीच, की तो अधिक तत्परतेने वापरला जात नाही.

दुसरा प्रकार फौजदारी अवमान. त्यात तीन गोष्टी येतात : न्यायालयाची बदनामी करणे अथवा त्याचा अधिकार खालावणे, चालू खटल्याला बाधा आणणे, आणि न्यायदानाच्या कामात अन्य कोणताही अडथळा आणणे. यांपैकी शेवटच्या दोन्हींविषयी फारसे दुमत नाही. साक्षीदाराला धमकावणे किंवा सुनावणी उधळून लावणे याचे समर्थन कोणी करणार नाही. खरा तणाव आहे तो पहिल्या गोष्टीत. ‘बदनामी’ कशाला म्हणायचे, हे आरोप ज्या संस्थेवर झाला तीच संस्था ठरविते. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत साधी कैद किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही.

मग निकालावर टीका करता येते काय? येते. याच अधिनियमाचे कलम 5 सांगते, की अंतिम निर्णय झालेल्या प्रकरणाच्या गुणदोषांवर केलेली रास्त टीका हा अवमान नव्हे. अशी टीका किती धारदार असू शकते, याचा आदर्श पाठ महाराष्ट्रातीलच एका खटल्यातून उभा राहिला, आणि त्यात पुण्याचाही वाटा आहे.

26 मार्च 1972 च्या रात्री, तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केला, अशी फिर्याद होती. अशा पीडितेचे नाव छापण्यास आज कायद्याने मनाई आहे. म्हणून आम्हीही ते देत नाही. सत्र न्यायालयाने 1974 मध्ये दोघा पोलिसांना निर्दोष सोडले. नागपूर खंडपीठाने 1976 मध्ये ते फिरवून दोघांना शिक्षा दिली. भीतीपोटी गप्प राहून शरण जाणे म्हणजे संमती नव्हे, असे उच्च न्यायालयाचे म्हणणे होते. सप्टेंबर 1978 मध्ये ‘तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा दोघांची मुक्तता केली. मुलीच्या अंगावर झटापटीच्या खुणा नव्हत्या, यावर त्या निकालाचा मोठा भर होता.

वर्षभराने, 16 सप्टेंबर 1979 रोजी, कायद्याच्या चार अध्यापकांनी भारताच्या सरन्यायाधीशांना अनावृत पत्र लिहिले. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार आणि रघुनाथ केळकर हे तिघे दिल्लीचे. चौथ्या वसुधा धागमवार पुणे विद्यापीठाच्या. पत्र ज्यांच्या नावे होते ते सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड हेही जन्माने पुणेकर आणि येथील आयएलएस विधी महाविद्यालयाचे विद्यार्थी.

त्या पत्रात मवाळपणा मुळीच नव्हता. त्यातील मुद्द्यांचा सारांश असा : संमती आणि शरणागती यांतील फरक न्यायालयाने पुसून टाकला. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्याच्या चार भिंतींत, दोन पोलिसांपुढे एका गरीब, अशिक्षित मुलीने आरडाओरडा का केला नाही, हे विचारताना तिची वास्तव परिस्थिती ध्यानात घेतली गेली नाही. मुलीला रात्री ठाण्यात थांबवून घेणे हेच मुळात गैर असताना त्याबद्दल पोलिसांना निकालात दोषाचा एक शब्दही ऐकावा लागला नाही. आणि मागणी होती, की मोठ्या पीठापुढे या प्रकरणाची फेरसुनावणी व्हावी.

या पत्रावर अवमानाची कारवाई झाली नाही. ती का झाली नाही, यातच आमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. लेखकांनी निकाल वाचला होता, तोही खालच्या न्यायालयापासून वरपर्यंत. प्रत्येक आक्षेप निकालातील एखाद्या विधानाला धरून होता. न्यायाधीशांनी पैसे घेतले किंवा ते कोणाला विकले गेले, असा हेत्वारोप कोठेही नव्हता. प्रकरण संपले होते. चालू सुनावणीवर दबाव आणण्याचा प्रश्नच नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने निकाल बदलला नाही. परंतु या पत्रापासून देशभर चळवळ उभी राहिली, विधी आयोगाने 1980 मध्ये अहवाल दिला आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराला कठोर शिक्षा आली; आणि अशा खटल्यात स्त्रीने ‘माझी संमती नव्हती’ असे सांगितले, तर न्यायालयाने तसेच गृहीत धरावे, असा नियम साक्षीपुराव्याच्या कायद्यात आला. टीकेने न्यायालयाचा अधिकार खालावला नाही. कायदा मात्र सुधारला.

तथापि सगळे चित्र इतके स्वच्छ नाही. केरळचे मुख्यमंत्री ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांनी न्यायव्यवस्था धनिकांच्या बाजूने झुकलेली असते, अशा अर्थाचे विधान पत्रकार परिषदेत केले. 1970 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना दोषी ठरविले. दंड मात्र एक हजारावरून पन्नास रुपयांवर आणला. पुढे केंद्रीय कायदामंत्री पी. शिवशंकर यांनी हैदराबादच्या भाषणात जवळजवळ त्याच वळणाची, किंबहुना अधिक तिखट विधाने केली. आणि 1988 मध्ये त्याच न्यायालयाने तो अवमान नाही, असा निर्णय दिला. दोन्ही विधाने शेजारी ठेवली तर एक गुन्हा का आणि दुसरे टीका का, हे सांगणे कठीण जाते. ज्या कायद्याची रेषा बोलण्यापूर्वी दिसत नाही, त्याचा धाक प्रामाणिक माणसालाच अधिक वाटतो.

म्हणून आमचे मत असे. दिवाणी अवमान आणि चालू खटल्यात अडथळा आणणाऱ्यांविरुद्धचा अधिकार दृढ राहावा. ‘बदनामी’चा भाग मात्र अत्यंत संकुचित केला जावा. ज्या इंग्लंडमधून ही कल्पना आपल्याकडे आली, तेथे ती 2013 मध्ये रद्द झाली. आपल्या विधी आयोगाने 2018 मध्ये हा कायदा कायम ठेवण्याची शिफारस केली. न्यायाधीशाला स्वतःच्या बचावासाठी सभेत उभे राहता येत नाही, ही विरोधी बाजूची अडचण आम्हांस मान्य आहे. खोट्या आरोपांची झोड उठवून एखाद्या न्यायाधीशाला वाकविण्याचे प्रयत्न होतात, हेही खरे. परंतु त्यावर उपाय अधिनियमातच आहे. न्यायदानात भरीव अडथळा येत असेल तरच शिक्षा द्यावी, असे कलम 13 म्हणते. आणि 2006 च्या दुरुस्तीनंतर सत्य हा बचावही, तो लोकहितासाठी आणि सद्भावनेने मांडलेला असल्यास, न्यायालयाला मान्य करता येतो. हे कलम मनापासून वापरले, तर बहुतेक तंटा मिटेल.

आपल्या वाचकांसाठी एवढेच. खैरलांजीसारख्या निकालावर बोलायचे असेल तर आधी निकालपत्र मिळवून वाचावे. कोणता पुरावा डावलला गेला, कोणत्या कलमाचा अर्थ चुकला, ते परिच्छेद दाखवून लिहावे. अपील प्रलंबित असेल तेव्हा कायद्याच्या दृष्टीने प्रकरण संपलेले नसते, याचे भान ठेवावे. हाती पुरावा नसताना न्यायाधीशाच्या हेतूवर किंवा जातीवर बोट ठेवू नये. आणि खालच्या न्यायालयातील न्यायाधीशाच्या वर्तनाविषयीच तक्रार असेल, तर ती सद्भावनेने उच्च न्यायालयाकडे लेखी करावी. अशा तक्रारीला कलम 6 चे संरक्षण आहे.

एवढे पाळून जो ‘हा निकाल चुकला’ असे म्हणतो, तो अवमान करीत नाही. ज्या संस्थेकडून त्याला अजूनही न्यायाची अपेक्षा आहे, तिच्याशीच तो बोलत असतो.