मला शुगर नाही, आईला आहे!

मंडळी, तीन आठवडे झाले, एका कंपनीशी माझी ईमेलवर झकाझकी चालू आहे. कंपनीचं नाव आत्ता लिहीत नाही, कारण उत्तर यायचंय.

अर्ज लिहायला, बातमी नीट करायला मी एक एआय चॅटचं अ‍ॅप वापरतो. मोहोपाड्यातले निम्मे लोक वापरत असतील. पावसाळ्यात आईची शुगर वाढली तेव्हा तिथे विचारलं, "आईला मेटफॉर्मिन सुरू केली आहे, तांदळाची भाकरी चालेल का?" मग थोड्या वेळाने नुसतंच, "गोळी जेवणाआधी की नंतर?" झालं! अ‍ॅपच्या 'मेमरी'ने परस्पर नोंद करून टाकली: वापरकर्त्याला मधुमेह आहे. मला विचारलं नाही की दाखवलं नाही.

पत्ता लागला दिवाळीनंतर. मेडिक्लेमचा प्रस्ताव भरायचा होता, म्हणून माहिती नीट मांडून मागितली. 'आधीचे आजार' या रकान्यात मधुमेह! मी वाचलं म्हणून वाचलो. तसंच सही करून दिलं असतं तर हप्ता वाढला असता, नाहीतर त्या आजारासाठी तीन वर्षांपर्यंत थांबा म्हणाले असते. नसलेल्या आजारासाठी!

सेटिंगमध्ये जाऊन ती ओळ पुसली. आठवड्याने सहलीच्या जेवणाचं विचारलं, तर पुन्हा मधुमेहींचा आहार. कारण शोधलं. जपलेली नोंद वेगळी आणि जुनी संभाषणं वेगळी. ओळ पुसली तरी अ‍ॅप जुन्या गप्पा चाळून तोच निष्कर्ष परत काढतं. दोन्ही पुसावं लागतं. मग नवीन चॅट उघडून विचारायचं, माझ्या तब्येतीबद्दल तुझ्याकडे काय आहे? तेव्हा कळतं पुसलं गेलं की नाही.

पण मी फक्त पुसून गप्प का बसू? पुसणं म्हणजे दुरुस्ती नव्हे. सातबाऱ्यावर नाव चुकलं तर आपण कलम 155 खाली तहसीलदाराकडे अर्ज करतो, फेरफार होतो, कोणी कधी काय बदललं ते कागदावर राहतं. (अर्ज किती महिने पडून राहतो तो विषय वेगळ्या पोस्टचा.) इथे नोंद कधी झाली, कशावरून झाली, कुठे कुठे वापरली, काहीच नाही.

म्हणून मेल केला. मदतीच्या चॅटवर नाही, तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या पत्त्यावर. तो गोपनीयता धोरणाच्या तळाशी सापडतो. मेलमधला मुख्य भाग असा:

"आपल्या मेमरीने माझ्या नावावर मधुमेहाची नोंद केली, ती खोटी आहे. मूळ संभाषणात 'आईला' हा शब्द आहे, स्क्रीनशॉट जोडला आहे. नोंद कोणत्या तारखेला, कोणत्या वाक्यावरून झाली ते कळवा. ती सगळीकडून काढा. ती आणखी कोणाला दिली का आणि प्रशिक्षणासाठी वापरली का, हे लेखी सांगा."

दोन दिवसांत उत्तर आलं. आपण सेटिंगमध्ये जाऊन मेमरी बंद करू शकता, धन्यवाद. म्हणजे घाण तुम्ही केलीत, झाडू माझ्या हातात!

आता कायद्याचं. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचे 2011 चे नियम आरोग्याच्या माहितीला 'संवेदनशील' म्हणतात. नियम 5 सांगतो की माणसाला आपली माहिती बघता आली पाहिजे, चुकीची असेल तर शक्य तितकी दुरुस्त झाली पाहिजे, आणि तक्रार एका महिन्यात निकाली निघाली पाहिजे. त्यात कंपनीला एक पळवाटही आहे: माणसाने स्वतः दिलेल्या माहितीच्या खरेपणाला कंपनी जबाबदार नाही. पण बाबांनो, मी दिलेली माहिती खरीच होती. 'मधुमेही' हा शिक्का तुमच्या यंत्राने मारला. दुसऱ्या मेलमध्ये मी एवढंच धरून बसलोय.

हे नियम भारतातल्या कंपन्यांना लागू आहेत, परदेशी कंपनी हात वर करू शकते. अशा वेळी तिच्याच धोरणातलं दुरुस्तीच्या हक्काचं वाक्य उचलून तिलाच पाठवायचं. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यातही दुरुस्तीचा हक्क आहे, पण त्याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि या भागाला वर दीड वर्षाची सवड दिली. कोणाची सोय बघितली, ते तुम्हीच ठरवा.

रसायनीत कारखान्यांत जाणाऱ्या पोरांना सांगतो, भरतीआधी मेडिकलचा फॉर्म असतो. तो या अ‍ॅपकडून भरून घेत असाल तर आज रात्री मेमरी उघडून वाचा. घरातल्या कोणाचा आजार तुमच्या नावावर निघाला तर स्क्रीनशॉट आधी काढा, पुसा नंतर. मी ती ओळ पुसण्याआधी फोटो काढला नसता तर आज माझ्याकडे पुरावाच नव्हता.

माझ्या तक्रारीचा महिना संपायला नऊ दिवस उरलेत. उत्तर आलं की इथेच टाकतो, नाही आलं तर कंपनीच्या नावासकट टाकतो.