चार मिनिटांचा फरक आणि दोन आयुष्यं

पोस्ट मोठी आहे. वेळ काढून वाचा. घरात जुळी असतील तर नक्कीच वाचा.

एकाच दवाखान्यात, चार मिनिटांच्या अंतराने दोन भाऊ जन्मतात. एक मर्चंट नेव्हीत जातो, दुसरा सानपाड्यात दुकान काढतो आणि ते बुडतं. पत्रिका तर एकच, मग नशीब दोन कशी? हा प्रश्न ऐकून ज्योतिषी गडबडत नाहीत. उत्तर तयार असतं: "तुम्हाला चार मिनिटं कमी वाटतात, पण तेवढ्यात आकाशात बरंच काही होतं."

चला, हिशेबच करू. समजा एक बाळ सकाळी 10:42 ला आणि दुसरं 10:46 ला झालं. पूर्वेला उगवणारी रास, म्हणजे लग्न, साधारण दोन तासांनी बदलते. चार मिनिटांत लग्न सुमारे एक अंश सरकतं, म्हणजे बहुतेक जुळ्यांचं लग्न एकच राहतं. ग्रह जवळपास जिथल्या तिथेच. मग ज्योतिषी बारीक चाळणी काढतात. राशीचे नऊ भाग केले की नवमांश, तो सुमारे तेरा मिनिटांचा. साठ भाग केले की षष्ट्यंश, तो दोन मिनिटांचा. आपल्याकडे लोकप्रिय असलेल्या कृष्णमूर्ती पद्धतीत नक्षत्राचे नऊ असमान तुकडे करतात. त्यातला सगळ्यात छोटा लग्नावरून पावणेतीन मिनिटांत जातो, मोठ्याला नऊ मिनिटं लागतात. त्या तुकड्याचा स्वामी बदलला की फळ बदललं, असं सांगतात.

गंमत इथेच आहे. इतक्या चाळण्या असल्यावर काही ना काही बदलतंच. नवमांश नाही बदलला तर उपनक्षत्र, तेही नाही तर षष्ट्यंश. पण यातली कुठली चाळणी वापरायची हे ठरतं कधी? एकाचं दुकान बुडाल्याचं कळल्यावर. आणि दोघंही भाऊ सुखात नांदत असतील तर "पत्रिका एकच आहे ना" म्हणून काम भागतं. फरक असला तरी शास्त्र खरं, नसला तरी खरं!

दशांचा हिशेब मात्र निसटू देत नाही. विंशोत्तरी दशा जन्माच्या वेळच्या चंद्रावरून काढतात. चंद्राला एक नक्षत्र पार करायला सुमारे चोवीस तास लागतात. त्यातली चार मिनिटं म्हणजे साडेतीनशेत एक भागही नाही. जन्मताना शुक्राची वीस वर्षांची दशा, म्हणजे सगळ्यात लांब दशा चालू असेल तरी दोन भावांच्या दशा बदलण्यात फार तर वीस दिवसांचा फरक पडतो. रवीची असेल तर सहा दिवसांचा. आणि धाकट्याची दशा थोरल्याच्या आधी बदलते, कारण त्याच्या वेळी चंद्र थोडा पुढे गेलेला असतो. हा फरक जन्मभर तेवढाच राहतो. म्हणजे ज्योतिषाच्याच गणिताने एकाची साडेसाती आणि दुसऱ्याची साडेसाती एकच, महादशा त्याच क्रमाने, वीस दिवस मागेपुढे. मग एकाला बढती मिळाली त्या वर्षी दुसऱ्याचं दुकान का बुडालं, हे या वीस दिवसांतून निघत नाही.

आता घड्याळ बघा. पालिकेच्या जन्मदाखल्यावर तारीख असते, वेळ नसते. वेळ येते ती दवाखान्याच्या कागदावरून. सिझेरियन असेल तर दोन्ही बाळं मिनिट-दोन मिनिटांत बाहेर येतात, आणि लिहिणारी सिस्टर आधी बाळाकडे बघते, मग भिंतीकडे. त्यात जन्म म्हणजे नेमका कुठला क्षण, डोकं दिसलं तो, पहिलं रडणं की नाळ कापली तो, यावर ज्योतिषांचंच एकमत नाही. दोन मिनिटांचा षष्ट्यंश या कागदावर उभा करायचा! म्हणून मग "जन्मवेळ शुद्धी" करतात, म्हणजे आयुष्यात घडलेल्या गोष्टी जुळेपर्यंत वेळ मागेपुढे सरकवतात. उत्तर बघून गणित सोडवण्याचाच हा प्रकार.

दुसरं एक उत्तर असतं: थोरल्याचं लग्नस्थानावरून बघा आणि धाकट्याचं तृतीय स्थानावरून, कारण तिसरं घर धाकट्या भावंडाचं. ऐकायला बरं वाटतं. पण त्याच दिवशी, त्याच मजल्यावर, 10:46 ला शेजारच्या बाईंना एकटं बाळ झालं असेल तर? त्याची आणि आपल्या धाकट्याची पत्रिका तंतोतंत एक. त्याचं भविष्य पहिल्या घरावरून आणि याचं तिसऱ्यावरून. म्हणजे आकाश तेच, बदलली ती फक्त आईची केस. "पूर्वकर्म" हे तिसरं उत्तर. ती श्रद्धा आहे, तिच्याशी माझं भांडण नाही. पण फरक कर्माने पडत असेल तर पत्रिका बघून मुहूर्त, नोकरी, लग्न कशाच्या बळावर सांगता?

मला सगळ्यात पटणारा मुद्दा तर आकाशातला नाहीच. जुळी दोन तऱ्हेची असतात. एका बीजातून झालेली हुबेहूब जुळी, आणि दोन बीजांची, ज्यांच्यात सख्ख्या भावंडांइतकंच, सरासरी निम्मं साम्य असतं. पत्रिकेला यातला फरक कळत नाही, तिच्या लेखी दोन्ही जोड्या सारख्या. पण उंची, आजार, बुद्धी, स्वभाव, काहीही मोजा, हुबेहूब जुळी एकमेकांसारखी जास्त निघतात. साम्य बीजाच्या मागे जातं, घड्याळाच्या मागे नाही. आणि हुबेहूब जुळ्यांतही पोटात असताना एकाला वारेतून कमी रक्त मिळतं, एक दोन किलोचं तर दुसरं अडीचचं जन्मतं. पुढे तुकडी वेगळी, मित्र वेगळे, सासर वेगळं.

हे सगळं लिहायचं कारण लग्नं. मंगळ 1, 4, 7, 8, 12 यांपैकी कुठल्याही घरात असला की मंगळदोष मानतात. म्हणजे बारापैकी पाच घरं! जुळ्या बहिणींचा मंगळ जवळजवळ नेहमी एकाच घरात असतो. कोपरखैरण्यातल्या ओळखीच्या एका घरात थोरलीचा संसार मोडला. तेव्हापासून धाकटीचं स्थळ आलं की समोरचे म्हणतात, पत्रिका तीच ना. तिथे मात्र चार मिनिटांची आठवण कुणालाच होत नाही. चार मिनिटं ज्योतिष वाचवायला कामी येतात, पोरगी वाचवायला नाही.

2008 मध्ये पुण्यात जयंत नारळीकर, नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली होती. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या आणि विचारलं, यातली हुशार मुलं कोणती? 27 जणांनी उत्तरं पाठवली. सरासरी 46 टक्के बरोबर. नाणं उडवलं असतं तरी पन्नास आले असते.

माझ्या यादीत ज्योतिषी मित्र आहेत, त्यांच्यासाठी जुळ्यांची अशीच चाचणी सुचवतो. जुळ्यांच्या वीस जोड्या घेऊ, दोघे मुलगे किंवा दोघी मुली, वय चाळिशीच्या पुढे, जन्मवेळ दवाखान्याच्या कागदावर वेगवेगळी नोंदलेली. प्रत्येक जोडीच्या दोन पत्रिका आणि नावं काढून टाकलेल्या दोन आयुष्यांची टिपणं देतो. कुठली पत्रिका कुणाची, एवढंच सांगायचं. अंदाजाने दहा जमतील. पंधरा किंवा जास्त नुसत्या नशिबाने जमण्याची शक्यता शंभरात दोन. पंधरा आल्या तर ते याच पेजवर ठळक छापतो. कागद गोळा करायचं काम माझं. अट एकच, जन्मवेळ शुद्धी करायची असेल तर ती टिपणं हातात पडायच्या आधी करून मोकळं व्हायचं.