सगळं कबूल, तरीही हार

मागच्या महिन्यात एका वाचकाने कळवलं की त्यांची याचिका पुरावा सुरू होण्याआधीच फेटाळली गेली. त्यांचं म्हणणं, ‘थोडी मोघम लिहिली गेली असेल, पण मोघमपणाची एवढी शिक्षा?’ त्यांनी सोबत पाठवलेली नक्कल मी वाचली. याचिका अजिबात मोघम नव्हती. तारखा, वेळा, गाडीचा नंबरसुद्धा होता. एकच गोष्ट नव्हती, आणि तिच्यावाचून बाकी सगळं निकामी होतं.

मोघम आणि अपुरं यांतला हा फरक सगळ्यात लख्ख दिसतो तो निवडणूक याचिकेत. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम ८३ याचिकेकडून दोन वेगळ्या गोष्टी मागतं. पहिली, ज्यावर तक्रार उभी आहे त्या मूळ घटना. दुसरी, भ्रष्ट आचाराचा आरोप असेल तर त्याचा शक्य तितका पूर्ण तपशील, म्हणजे नावं, तारीख, ठिकाण. आम्ही वकील यांना मटेरियल फॅक्ट्स आणि पर्टिक्युलर्स म्हणतो आणि दिवसभर एकाऐवजी दुसरा शब्द वापरतो. कायदा मात्र दोघांना एका मापाने मोजत नाही. तपशील अपुरा असेल तर कलम ८६(५) प्रमाणे न्यायालय तो नंतर भरू देऊ शकतं. मूळ घटनाच लिहिली नसेल तर निकालापासून ४५ दिवसांनंतर ती आत येत नाही. उशीर माफ करण्याची इतरत्र असणारी सोयही इथे नाही.

यावरचा पायाभूत निकाल मुंबईच्याच निवडणुकीतून आला. १९६७ साली दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिस यांनी स. का. पाटलांना पाडलं. या निवडीला याचिकेद्वारे आव्हान दिलं गेलं. ‘मराठा’तून पाटलांविरुद्ध जे छापून आलं, तो तक्रारीतला एक मोठा भाग होता. पुढे मुदत उलटल्यावर दुरुस्तीतून आरोप वाढवले गेले. सामंत बाळकृष्ण विरुद्ध जॉर्ज फर्नांडिस या १९६९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने नेमकी इथेच रेघ मारली. आधी केलेला आरोप स्पष्ट करा, पण दुरुस्तीच्या नावाखाली नवा आरोप आणू नका. एखाद्या उमेदवाराविरुद्ध खोटा मजकूर पसरवल्याचा आरोप असेल तर तो मजकूर काय होता, तो त्याच्या चारित्र्याबद्दल होता, खोटा होता, करणाऱ्याचा स्वतःचाही त्यावर विश्वास नव्हता आणि त्याने निवडणुकीत नुकसान व्हावं असा तो होता, हे सगळं मुळात मोडतं. कोण बोललं, कुठे, किती वाजता, हा तपशील. मुळातलं एक जरी गळलं तरी कारणच अपुरं राहतं. फर्नांडिस यांची निवड कायम राहिली.

मी ज्युनियर असतानाची एक गोष्ट सांगतो. विधानसभेचा निकाल लागून ३८ दिवस झाले होते. हरलेले उमेदवार स्वतः सरांच्या चेंबरमध्ये आले, सोबत पुतण्या आणि कापडी पिशवीभर कागद.

“वकीलसाहेब, पत्रक काढून बदनाम केलं मला. देवस्थानची जमीन लाटली म्हणे.”

सरांनी पत्रक मागितलं. ते होतं, घडीवर फाटलेलं, पण प्रत्येक ओळ वाचता येत होती. जमिनीचा फेरफारही होता, त्यामुळे आरोप खोटा हे दाखवणं सोपं होतं.

“कधी वाटलं?”

“शेवटच्या आठवड्यात. बाजाराच्या दिवशी... नाही, त्याच्या आदल्या दिवशी.” पुतण्या म्हणाला, दोन्ही दिवशी.

मी घाबरलो. तारीखच माहीत नाही! सर मात्र शांतपणे ‘शेवटच्या आठवड्यात, बाजाराच्या सुमारास’ असं लिहून पुढे गेले.

“वाटलं कोणी?”

“त्यांच्याच माणसाने. अख्ख्या तालुक्याला ठाऊक आहे.”

नाव सांगितलं, पत्ता सांगितला. इथे सर थांबले आणि त्यांनी पेन खाली ठेवलं. माझ्या मते आता उलट सगळं पक्कं झालं होतं.

मग त्यांनी मला जे करून दाखवलं ते मी आजही प्रत्येक ड्राफ्टवर करतो. समजा समोरच्या पक्षाने आपल्या प्रत्येक वाक्यापुढे ‘हो, खरं आहे’ असं लिहून दिलं. पत्रक खोटं होतं, हो. अमक्याने ते वाटलं, हो. त्याचाही त्यावर विश्वास नव्हता, हो. तुमची मतं त्याने जावीत असंच ते होतं, हो. मग निवड रद्द होते का? होत नाही. कारण कलम १२३(४) मध्ये असा मजकूर उमेदवाराने किंवा त्याच्या एजंटाने प्रसिद्ध करावा लागतो. तिसऱ्याच माणसाने केला असेल तर उमेदवाराची किंवा त्याच्या निवडणूक एजंटाची संमती लागते. वाटणारा एजंट नव्हता, आणि संमतीबद्दल आमच्या कागदावर एक अक्षर नव्हतं. उलट तारखेच्या जागी नुसता ‘आठवडा’ असला तरी सगळं कबूल झाल्यावर निकालाला अडत काहीच नाही. मोघम आणि अपुरं यांतलं अंतर मोजायला मला दुसरी पट्टी मिळालेली नाही.

“संमती होती हे कसं सिद्ध करू?” उमेदवार वैतागले.

“सिद्ध नंतर करायचं. आधी म्हणायचं तरी काय ते सांगा. पुरावा आणि म्हणणं यांत कोर्ट गल्लत करत नाही, आपणही नको करूया.”

‘संमती होती’ एवढे दोनच शब्द घालूनही भागत नाही, हे इथे सांगायला हवं. ती कशावरून म्हणता, ती घटना लागते. सीमारेषाही नेहमी इतकी सरळ नसते. अमेठीच्या १९८४ च्या निवडणुकीवरच्या अझहर हुसेन विरुद्ध राजीव गांधी या १९८६ च्या निकालात याचिका उंबरठ्यावरच संपली. ‘कार्यकर्त्यांनी केलं’ एवढंच म्हटलं की कोणता कार्यकर्ता हा निव्वळ तपशील राहत नाही; माणूसच ठाऊक नसेल तर त्याला उमेदवाराशी जोडणार कसं? म्हणून नाव म्हणजे तपशील, असं पाठ करून चालत नाही. दरवेळी पट्टी लावून बघावी लागते.

आणखी एक खूण अनुभवाने कळली. याचिका मोघम असली की समोरचा वकील लगेच ओरडतो, तपशील द्या म्हणून अर्ज करतो. मूळच गळलेलं असलं की तो गप्प बसतो. ४५ दिवस होऊ देतो आणि मग एका पानाचा अर्ज टाकतो. त्या वाचकाच्या खटल्यात हेच झालं होतं. समोरून काही हरकत आली नाही म्हणून ते निश्चिंत होते.

त्या दिवशी चेंबरमध्ये बोलणं संपलं तसे उमेदवार उठले. पिशवीचे बंद बांधताना पुतण्याकडे बघून सहज म्हणाले, “आणि हा शहाणा सभेत ते पत्रक वर धरून सांगत होता, घरी नेऊन वाचा म्हणे.”

“कोण?”

“कोण म्हणजे? निवडून आलेला तो. स्टेजवर वाटणाऱ्याला शेजारी उभं करून.”

सरांनी त्यांना परत बसवलं. अर्धा तास त्या एका सभेवर गेला आणि त्यातून चौथ्या पानावरचा परिच्छेद तयार झाला. सभेची तारीख तेव्हाही कोणाला आठवेना. ४३ व्या दिवशी याचिका दाखल केली तेव्हा तिथे ‘प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात’ एवढंच होतं.

समोरून तपशिलाचा अर्ज आला, आम्ही पोलीस परवानगीची नक्कल मिळवली आणि सात महिन्यांनी तारीख भरली. पुढे साक्षीदार उलटतपासणीत टिकले नाहीत आणि आम्ही हरलो. पण साक्षीदारांपर्यंत पोचून हरलो.