एका वेळी एकच बदल

दुकानाच्या दिवाळी-पत्रिकेसाठी एआयकडून करून घेतलेले चित्र पुष्कळदा जवळजवळ बरोबर येते. समई उत्तम असते, पण प्रकाश पांढुरका. तेव्हा सारी सूचना नव्याने लिहू नये. अशा चित्राचा आरंभ ‘सीड’ नावाच्या आकड्याने होतो. तो मोकळा सोडला, तर तीच सूचना निराळे चित्र देते. मग फरक शब्दाने पडला की आकड्याने, हे उमगत नाही. म्हणून साधनात सोय असल्यास आधी सीड कायम करावा. नंतर ‘पांढरा प्रकाश’ऐवजी ‘सोनेरी प्रकाश’ एवढेच बदलावे. वहीत सीड, बदललेला शब्द आणि परिणाम नोंदवावा. प्रकाश साधला, पण पाच वातींच्या चार झाल्या, तर तेही लिहावे. कारण एका शब्दाने इतर तपशीलही हलतात. पुढचा बदल केवळ वातींचा करावा. तो फसल्यास नोंदीवरून मागील चित्राकडे परतता येते.